बातम्यांआधीची ती धून

नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत परभणी केंद्रावर लावलेल्या रेडिओने सकाळ सुरू होत असे. त्या पिढीतील निवृत्त शिक्षक किंवा कारकून आज 'बातम्यांआधी वाजणारी धून' शोधू लागला, की बहुधा ती त्याला सापडत नाही. दोष त्याच्या कानांचा नसतो. स्मृतीने दोन प्रसंग एकत्र सांधलेले असतात, एवढेच.

वास्तविक आकाशवाणीची ती सुपरिचित धून बातम्यांची नव्हेच. ती सभा सुरू होताना वाजे. मागोमाग 'वंदे मातरम्' येई आणि बातम्या बऱ्याच वेळाने लागत. म्हणून शोधणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : धून संपल्यावर काय ऐकू येई? उत्तर 'वंदे मातरम्' असेल, तर शोध बातम्यांकडून सभारंभाकडे वळवावा.

दुसरी कसोटी वाद्यांची. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन आठवत असेल तर ती आकाशवाणीची धून होय. सनई आठवत असेल तर ती दूरदर्शनची. ती पंडित रविशंकर यांची रचना असून १९७६ च्या सुमारास प्रचारात आली. साहजिकच साठच्या दशकात ऐकलेली धून दूरदर्शनची असू शकत नाही.

तिसरी अडचण गुणगुणण्याची. आकाशवाणीची धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे. सा, रे, कोमल गंधार, पंचम आणि धैवत हे या रागाचे स्वर. न शिकलेल्या गळ्यातून कोमल गंधार सहज शुद्ध होतो आणि शिवरंजनीचा भूप बनतो. मग ऐकणारा जाणकारही वेगळ्याच रचनेकडे बोट दाखवतो. संवादिनीवर दोन्ही गंधार वाजवून पाहिले, तर कान खरा स्वर लगेच ओळखतो.

धून सापडली तरी कर्त्याचा प्रश्न उरतोच. १९३६ च्या या रचनेचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. बोहेमियात जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे मुंबई आकाशवाणीच्या संगीत विभागात काम करू लागला. व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे सांगितले जाते. काही ठिकाणी मात्र रचनाकार म्हणून ठाकूर बलवंतसिंग यांचे नाव आढळते. लक्षावधी लोकांनी रोज ऐकलेल्या धुनेबाबत असा मतभेद राहावा, याचे कारण उघड आहे : अशा धुनेपूर्वी वा नंतर निवेदक कर्त्याचे नाव कधीच सांगत नसे.

गायकाचे नाव प्रत्येक गीतापूर्वी सांगणाऱ्या संस्थेने आपल्याच धुनेच्या कर्त्याला मात्र अनामिक ठेवले. प्रसारभारतीने आपल्या संग्रहातील प्रत्येक बोधधून, तिचे वर्ष, रचनाकार व वादक यांची नोंद जाहीर केली पाहिजे. वाद असेल तेथे तोही नोंदवला पाहिजे. श्रोत्यांच्या आठवणींना आधार हवा असेल, तर तो अशा नोंदवहीतूनच मिळेल.