नंबर लावला, पण रुग्ण आला नाही

आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी दवाखान्यात फोन करून नंबर लावला असेल आणि काही कारणाने त्या दिवशी जाणे जमले नसेल. आपल्या दृष्टीने ती गोष्ट तेथेच संपते. दवाखान्याच्या संगणकात मात्र आपल्या नावापुढे ‘अनुपस्थित’ अशी नोंद राहते. अशा नोंदींची यादी काढून कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या वारी किती रुग्ण नंबर लावूनही आले नाहीत, याचा तक्ता आम्ही अलीकडे तयार केला. त्यातून जे उमगले ते थेट रुग्णाच्या औषधांशी जोडलेले आहे, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

परभणी जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत अनेक दवाखान्यांची रचना सारखीच असते. एक-दोन डॉक्टर रोज बसतात आणि मोठ्या शहरातून येणारे तज्ज्ञ आठवड्यातील ठरावीक वारी येतात. आमच्याकडेही तसेच आहे. संगणकातून निघालेल्या यादीत प्रत्येक नंबरासाठी एक ओळ असते. तीत रुग्णाचा क्रमांक, डॉक्टरांचे नाव, नंबर लावल्याची तारीख, भेटीची तारीख आणि शेवटी रुग्ण आला की नाही, एवढे लिहिलेले असते.

पहिली चूक या शेवटच्या रकान्यातच सापडते. गर्दीच्या दिवशी स्वागतकक्षातील मुलीला प्रत्येकाच्या नावापुढे ‘आला’ अशी खूण करण्यास सवड मिळत नाही. खूण नसलेली नावे रात्री आपोआप अनुपस्थितांत जमा होतात. म्हणून आम्ही प्रथम औषधाची चिठ्ठी निघालेली नावे ‘आला’ या गटात आणली. ज्यांनी आधी फोन करून नंबर रद्द केला, त्यांना हिशेबातून वगळले. कारण त्यांची जागा दुसऱ्या रुग्णाला देता आली होती. ज्या दिवशी डॉक्टरच आले नाहीत, तो दिवसही वगळला. डॉक्टरांच्या रजेचा दोष रुग्णाच्या माथी मारणे योग्य नव्हे. उरलेल्या नंबरांपैकी शंभरात किती जण आले नाहीत, तेच खरे प्रमाण.

एवढे करूनही तक्ता दिशाभूल करू शकतो. कशी, ते सोप्या आकड्यांच्या उदाहरणाने पाहू. समजा, दोन डॉक्टरांकडे प्रत्येकी १०० नंबर लागले. पहिल्यांकडे १४ रुग्ण आले नाहीत, दुसऱ्यांकडे २६. वाचणारा म्हणेल, दुसऱ्या डॉक्टरांवर लोकांचा विश्वास दिसत नाही. आता हेच आकडे वारानुसार मांडा. पहिल्या डॉक्टरांचे ८० नंबर बाजाराच्या दिवशी होते, त्यांपैकी ८ आले नाहीत. इतर दिवशी २० होते, त्यांपैकी ६ आले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचे बाजाराच्या दिवशी २० नंबर होते, त्यांपैकी २ आले नाहीत. इतर दिवशी ८०, त्यांपैकी २४ आले नाहीत. म्हणजे बाजाराच्या दिवशी दोघांकडेही शंभरात १० आणि इतर दिवशी दोघांकडेही शंभरात ३० रुग्ण अनुपस्थित. डॉक्टरांत फरक काहीच नाही. फरक आहे तो वाराचा.

आमच्याही तक्त्याचा कल असाच निघाला, आणि त्याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, म्हणून खेड्यातील जुन्या रुग्णांना आम्ही आवर्जून सांगत असू, “गुरुवारी या, निवांत तपासता येईल.” आमच्या सोयीचा हा गुरुवार त्यांच्या सोयीचा नव्हता. गुरुवारी तालुक्याला यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वेगळे. सोमवारी बाजारासाठी यायचेच असते. तेव्हा गुरुवारचा नंबर चुकवून पुष्कळ जण पुढच्या सोमवारी, नंबर न लावता येत. संगणक गुरुवारी त्यांना अनुपस्थित ठरवी आणि सोमवारी त्यांची नवी ओळ तयार होई. या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत, हे रुग्णक्रमांक जुळवून पाहीपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

यात दवाखान्याचा थोडा वेळ वाया गेला, एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. साठीतील एका शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. रक्तदाबाच्या गोळ्या मी त्यांना बरोबर पुढच्या तारखेपर्यंत पुरतील इतक्याच देत असे. तारीख गुरुवारची, ते येत सोमवारी. मधले चार दिवस गोळी नाही. सोमवारी मोजलेला रक्तदाब साहजिकच वाढलेला. एकदा तो पाहून मी दुसरी गोळी वाढविण्यासाठी चिठ्ठी लिहावयास घेतली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, गोळ्या गुरुवारीच सरल्या होत्या.” माझा हात तेथेच थांबला. औषध कमी पडत नव्हते. ते पोटात जातच नव्हते. दुसरी गोळी दिली असती आणि पुढे दोन्ही नियमित घेतल्या गेल्या असत्या, तर रक्तदाब नको तितका उतरून, उठता-बसता घेरी येऊन ते शेतात पडण्याचा धोका होता.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. खेड्यातून येणाऱ्या जुन्या रुग्णांना तारीख देण्यापूर्वी त्यांचा वार विचारतो, आणि गोळ्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील अशा लिहून देतो. तसेच दर आठवड्याला अनुपस्थितांच्या यादीतून पुढच्या सात दिवसांत येऊन गेलेल्यांची नावे काढतो. उरतात ते खरोखर न आलेले. त्यांना फोन जातो.

या फोनांतून तक्ता जे सांगू शकत नाही, ते कळते. आठवण देणारा संदेश कित्येकदा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर गेलेला असतो. आईपर्यंत तो पोहोचतच नाही. दिवाळीनंतरची तारीख दिलेले कुटुंब ऊसतोडीला गेलेले असते. अशांना आता निघण्यापूर्वीच बोलावून तपासतो आणि आजार व औषधांची नावे लिहिलेला कागद देतो. फडाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तो दाखवून उपचार पुढे चालू ठेवता येतात.

आणखी एक सावधगिरी. एखाद्या वारी चारच नंबर असतील आणि तिघे आले नाहीत, तर प्रमाण ७५ टक्के दिसते. एक जण आला असता तर तेच ५० झाले असते. म्हणून एखाद्या चौकटीत ३० पेक्षा कमी नंबर असतील, तर तेथे आम्ही टक्केवारी लिहीतच नाही.

आपल्याकडून अपेक्षा थोडीच आहे. तारीख घेताना आपल्याला जमणारा वार स्पष्ट सांगा. घरात ज्याच्या हाती फोन असतो, त्याचाच क्रमांक लिहवा. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. आणि उशिरा आलात, तर गोळ्या कोणत्या दिवशी संपल्या, हे रक्तदाब मोजण्यापूर्वी सांगा. त्याबद्दल कोणी रागावणार नाही. ते न सांगितल्यास मात्र, आपल्याला नको असलेली गोळी चिठ्ठीवर चढू शकते.