टीव्ही म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नव्हे!



आपल्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. दिवाळीला गावी आली की कुणी ना कुणी मोठा टीव्ही घेऊन येतं. मग तो कुठे लागतो? दाराच्या चौकटीला समांतर, पंख्याच्या जरा खाली. बसवणारा भिंतीसमोर उभा राहतो, उभ्या नजरेने खूण करतो आणि आपण चहा देऊन मोकळ्या होतो. माझं म्हणणं एकच आहे. टीव्ही बसून बघायचा असतो, तेव्हा उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यावरून ठरली पाहिजे आणि ती घरातल्या बाईने ठरवली पाहिजे.

आमच्याच हॉलचं सांगते. हॉल दहा फुटी रुंद. ४३ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून ५५ इंचांवर आणि वरची ७६ इंचांवर होती. सासूबाई सोफ्यावर बसत नाहीत. सोफ्यापुढे, भिंतीपासून सहा फुटांवर आसन टाकून प्रवचन ऐकतात. अर्ध्या तासात मानेमागे हात जायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. एक दिवस मीच त्यांच्या आसनावर बसले, तेव्हा कळलं की दोष वयाचा नव्हता.

मग टेप घेतली. आसनावर बसल्यावर सासूबाईंचा डोळा २८ इंचांवर येतो, सोफ्यावर माझा ४० इंचांवर. साधा हिशेब असा, की डोळ्यापासून पडद्याची वरची कड फार तर अंतराच्या चौथ्या हिश्शाइतकी वर असावी. त्याहून वर गेली की नजर पुरत नाही, मान उचलावी लागते. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्याचा चौथा हिस्सा १८. २८ अधिक १८ म्हणजे ४६ इंच. आमची कड होती ७६ वर! ४३ इंची पडद्याची उंची साधारण २१ इंच, म्हणून खालची कड २५ इंचांवर आली. सोफ्यावरून माझी नजर पडद्याच्या वरच्या भागात पडते, तेही बरंच, कारण किंचित खाली बघताना डोळ्यांना आराम असतो.

कुणी म्हणेल, वर लावून पुढे झुकवता येतो की. झुकवल्याने पडद्याचा रंग नीट दिसतो, हे खरं. पण टीव्ही खाली येत नाही, मान वरच राहते. दुसरं कारण मुलांच्या हाताचं. टेबलावर सुटा ठेवलेला टीव्ही मूल ओढून पाडू शकतं, ती भीती खरी. भिंतीत पक्का बसवलेला तसा पडत नाही. बोटांचे डाग पुसता येतात. बेडरूममध्ये आडवं पडून बघणार असाल, तर मात्र थोडा उंच चालेल.

अंतराचंही तसंच. टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणा. ४३ चे ६९ इंच, म्हणजे पावणेसहा फूट. ५५ चे सव्वासात फुटांच्या वर. आमच्या सोफ्यावरून डोळा ते पडदा सात फूट भरतं, आसनावरून सहाच. ५५ इंची घेतला असता, तर सासूबाईंना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मान फिरवावी लागली असती. दुकानातल्या मोठ्या दालनात हे लक्षात येत नाही.

बसवायच्या दिवशी पुढे उभ्या राहा. भोकांची खूण टीव्हीच्या मधोमध धरू नका. मागच्या पट्ट्या आधी लावून घ्या आणि खालच्या कडेपासून पट्टीच्या आकड्यापर्यंत मोजा. आमचं अंतर १३ इंच निघालं, म्हणून भिंतीवरच्या आधाराची वरची कड २५ अधिक १३, म्हणजे ३८ इंचांवर आली. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नको, आत वायर असते. ड्रिल मारताना आधी करडी पूड पडते, तो गिलावा. मग लाल पूड आली की वीट लागली. स्क्रूची पकड विटेत हवी, नुसत्या गिलाव्यात नको. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल एकदम आत गेलं किंवा माती गळू लागली, तर तिथे टीव्ही टांगूच नका. बुटकं, रुंद कपाट घ्या, त्यावर ठेवा आणि पट्ट्याने मागे बांधा.

आमची वरची चार भोकं बुजवली, रंगाचा डाग अजून दिसतो. पाहुणे विचारतात, टीव्ही एवढा खाली का? मी त्यांना आसन टाकून देते आणि म्हणते, बसा आणि बघा.