निदानपरिवर्जनाविना कृमिचिकित्सा अपुरीच

‘मुलाच्या शौचात पांढरे दोरे दिसतात’ किंवा ‘रात्री शौचाच्या जागी फार खाजवतो’ अशी तक्रार घेऊन माता आली, की वैद्याचा हात आपोआप विडंगाच्या बरणीकडे आणि औषधविक्रेत्याचा कृमिनाशक गोळीकडे वळतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेची त्रिसूत्री सांगितली आहे : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. यांतील पहिली दोन अंगे आपण सांभाळतो, तिसरे मात्र ‘स्वच्छता ठेवा’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. तंतुकृमीच्या बाबतीत तर हे तिसरे अंगच निर्णायक ठरते, असे आमचे मत आहे.

प्रथम दिसलेली वस्तू नेमकी कोणती, हे विचारावे. शक्य असल्यास ती झाकणाच्या बाटलीत पाण्यातून आणवावी. सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे, शिवणाच्या दोऱ्यासारखे बारीक, पांढरे आणि वळवळणारे असतील, तर ते तंतुकृमी होत. पुरीषज कृमींपैकी काहींना चरकाचार्यांनी लोकरीच्या धाग्याची उपमा दिली आहे आणि गुदकंडूही सांगितली आहे. वीतभर लांब, गांडुळासारखा जाड कृमी हा गोलकृमी. चपटे, भाताच्या शितासारखे किंवा काकडीच्या बीसारखे तुकडे हे पट्टकृमीचे खंड असू शकतात. अशा वेळी अंदाजाने औषध न देता तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा व रुग्णास तज्ज्ञाकडे धाडावे. कारण पट्टकृमीच्या जातीनुसार औषध व धोका दोन्ही बदलतात. केळे खाणाऱ्या तान्ह्या बाळाच्या शौचातील काळसर न हलणारे धागे बहुधा केळ्याचेच असतात.

तंतुकृमीची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन त्वचेवर हजारो अंडी घालते. म्हणूनच खाज रात्री वाढते, झोपमोड होते आणि मुलींमध्ये योनिमार्गाभोवतीही दाह होतो. अंडी सहसा शौचात पडत नाहीत, त्यामुळे शौचतपासणीचा अहवाल निर्दोष आला तरी रोग नाही असे समजू नये. सकाळी उठताच, शौच व स्नान यांपूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कडेवर दाबून ती काचपट्टीवर लावावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. लागोपाठ तीन सकाळी ही तपासणी केल्यास बहुतेक रोगी सापडतात.

ही अंडी चार ते सहा तासांत संसर्गक्षम होतात आणि कपड्यांवर, अंथरुणावर दोन-तीन आठवडे टिकू शकतात. खाजवलेले बोट तोंडात गेले की चक्र पुन्हा सुरू होते. औषधाने प्रौढ कृमी मरतात, अंडी मात्र वाचतात.

आमच्याकडे आलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीचे उदाहरण बोलके आहे. चार महिन्यांत तिसऱ्यांदा तिला हीच तक्रार उद्भवली होती. शाळेत दिलेली जंताची गोळीही तिने घेतली होती. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे वाटे आणि महिन्याभरात खाज परत येई. औषधच निकामी, असा आईचा समज झाला होता. चौकशीत कळले, की ही मुलगी, तिचा तीन वर्षांचा भाऊ आणि आजी एकाच अंथरुणावर झोपतात. भावाला खाज नसल्याने त्याला औषध कोणी दिले नव्हते. आम्ही रात्री विजेरीच्या उजेडात पाहण्यास सांगितले, तेव्हा दोघांच्याही गुदद्वाराशी धागे दिसले.

बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, आई गर्भवती नाही याची खात्री करून, घरातील पाचही जणांना एकाच दिवशी वयानुरूप अल्बेंडाझोल देण्यात आले आणि दोन आठवड्यांनी सर्वांना पुन्हा दुसरी मात्रा दिली. दरम्यान वाचलेल्या अंड्यांतून वाढलेल्या कृमींसाठी ही दुसरी मात्रा अनिवार्य असते. सोबत नखे कापणे, रोज सकाळी उठताच अंग धुणे, रात्रीची चड्डी सकाळी बदलणे, चादरी न झटकता गुंडाळून गरम पाण्यात धुणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, हे सहा आठवडे पाळण्यास सांगितले. त्यानंतर तीन सकाळच्या पट्ट्या निर्दोष आल्या.

विडंगादी द्रव्यांवर आमची श्रद्धा आहे. तथापि घरातील इतर सदस्य वगळले, तर कोणतेही औषध अपयशी ठरल्याचा भास होणारच. त्यावर उपाय म्हणून मात्रा वाढवणे किंवा कुचल्याचे कल्प बालकांत पुन्हा पुन्हा वापरणे आम्हास अयोग्य वाटते. औषधविक्रेत्या बंधूंनी गोळी देताना ‘घरात किती जण?’ आणि ‘दुसरी मात्रा कधी?’ हे दोन प्रश्न विचारावेत. वजन घटणे, शौचात रक्त, तीव्र पोटदुखी किंवा उलटी असल्यास मात्र औषध न विकता वैद्याकडे पाठवावे.