काळ्या चौकोनातली पट्टी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेंटेनन्स भरल्याचे पुरावे पडत असतात. गेल्या महिन्यात त्यात एक निव्वळ काळा चौकोन आला, खाली ओळ : ‘भरले. बघून घ्या.’ बघायला काहीच नव्हतं. मग फोन बिघडला इथपासून खातं हॅक झालं इथपर्यंत निदानं झाली. त्या चित्राच्या माथ्यावरची बारीक पट्टी मात्र कोणी पाहिली नाही. तिच्यात वेळ, नेटवर्कच्या रेघा आणि बॅटरी, सगळं स्वच्छ दिसत होतं.

खरी गोष्ट त्या पट्टीतच आहे. अँड्रॉइड फोनचा पडदा आपल्याला एकसंध दिसतो, पण तो एकावर एक ठेवलेल्या काचांसारखा असतो. अ‍ॅपची खिडकी वेगळी, वरची पट्टी वेगळी, कीबोर्ड वेगळा. या सगळ्या थरांचं एक चित्र जुळवणारा भाग फोनच्या आत असतो, त्याचं नाव सरफेसफ्लिंगर. अ‍ॅप आपली खिडकी उघडतानाच तिच्यावर FLAG_SECURE नावाची खूण लावू शकतं. तिचा अर्थ एवढाच, की हा थर फक्त या फोनच्या काचेवर दाखवायचा, बाकी कुठे जाणाऱ्या चित्रात घालायचा नाही. स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा स्क्रीन शेअरसाठी वेगळं चित्र जुळवायची वेळ आली, की त्या थराच्या जागी काळा रंग भरला जातो. पट्टीच्या थरावर खूण नसते, म्हणून ती दिसते.

म्हणजे आधी फोटो निघाला आणि मग बँकेने तो पुसला, असं होत नाही. बँकेच्या मजकुराचा एक ठिपकासुद्धा त्या चित्रात उतरलेला नसतो. त्यामुळे फोटो उजळवून किंवा कुठल्या अ‍ॅपमधून ‘रिकव्हर’ करून हाती काही लागत नाही. बरेच फोन तर असा फोटो काढतच नाहीत, सुरक्षेच्या कारणाने स्क्रीनशॉट घेता येत नाही असा निरोप देऊन मोकळे होतात. शेअर किंवा रेकॉर्ड करताना मात्र काळोखच येतो.

खूण खिडकीला लागते, अ‍ॅपला नाही. म्हणून यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकायचं पान टिपता येत नाही, आणि लगेच पुढचं हिरवी खूण असलेलं ‘यशस्वी’ पान बहुतेक पेमेंट अ‍ॅपमध्ये खुशाल टिपता येतं. पिनचं पान तर त्या अ‍ॅपचं स्वतःचं नसतंच. एनपीसीआयने दिलेला एक ठरावीक भाग तिथे उघडतो, जेणेकरून पिन अ‍ॅपच्याही हाती पडू नये. अनेक बँका मात्र आपल्या अ‍ॅपमधल्या सगळ्याच खिडक्या सरसकट झाकतात. आणि हेच खातं फोनमधल्या क्रोममध्ये, बँकेच्या वेबसाइटवर उघडलं तर स्क्रीनशॉट निमूट निघतो, कारण तिथे खिडकी क्रोमची असते आणि तिला खूण लावायचा अधिकार बँकेला नसतो. क्रोम स्वतः इन्कॉग्निटो टॅबना ती लावतं, म्हणून ते टॅब काळे येतात.

हा काळोख कोणासाठी आहे, हे समजायला २०१९चा फेब्रुवारी आठवावा लागेल. एनीडेस्कसारख्या दूरवरून पडदा दाखवणाऱ्या अ‍ॅपचा वापर करून लोकांची खाती रिकामी केली जात आहेत, असा इशारा तेव्हा रिझर्व्ह बँकेने दिला होता. पद्धत आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. ‘केवायसी संपलंय’ म्हणून फोन येतो, एक अ‍ॅप उतरवायला सांगतात, त्यातला नऊ-दहा आकडी कोड विचारतात. तो सांगितला, की तुमचा पडदा तिकडच्या माणसाच्या पडद्यावर हलू लागतो. मग तो म्हणतो, आता बँकेचं अ‍ॅप उघडा. खूण लावलेली असेल तर नेमकं इथेच त्याच्याकडे अंधार होतो. खात्यातली रक्कम नाही, कार्डाचा नंबर नाही, पिन नाही.

पण हा माणूस एवढ्याने थांबत नाही, कारण खूण जिथे नाही ते सगळं त्याला दिसत असतं. ओटीपी येतो तो एसएमएसच्या अ‍ॅपमध्ये. ती खिडकी उघडी, आणि वरून घसरत येणारी सूचनाही उघडी. (अँड्रॉइड १५पासून स्क्रीन शेअर चालू असताना असे ओटीपी झाकायची सोय आली आहे. सगळ्यांच्या हातात तो फोन यायला वेळ आहे.) बँकेच्या अ‍ॅपमध्येही फटी राहतात. मुख्य खिडकीला खूण लावली आणि तिच्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीला लावायची राहिली, तर काळ्या पार्श्वभूमीवर ती चौकट एकटीच लख्ख उभी राहते, ‘अमुक खात्यात अमुक रुपये पाठवायचे का?’ असं विचारत. ड्रॉपडाउन यादीचंही तेच, ती वेगळी खिडकी असते. आणि काही घातक अ‍ॅप चित्राच्या वाटेला जातच नाहीत. अंधांना पडदा वाचून दाखवण्यासाठी असलेली ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ परवानगी मिळवून ती पडद्यावरची अक्षरंच वाचतात. तिथे या खुणेचा उपयोग नाही. म्हणून अनोळखी अ‍ॅपने ती परवानगी मागितली, तर काळ्या चौकोनापेक्षा त्याची काळजी जास्त करावी.

आयफोनचा मामला निराळा. तिथे अ‍ॅपला अशी सरळ खूण मिळत नाही. स्क्रीनशॉट निघून गेल्यावर ‘निघाला’ एवढी वर्दी मिळते, ती कपाळाला हात लावण्यापुरती. पासवर्ड लिहायचा रकाना मात्र आयफोन चित्रात येऊ देत नाही, म्हणून काही अ‍ॅप आपला अख्खा मजकूर त्या रकान्याच्या थरात बसवतात. युक्ती चालते, पण ती अ‍ॅपलने या कामासाठी दिलेली नाही.

या बंदोबस्ताची झळ भामट्यांइतकीच मदत करणाऱ्यांनाही बसते, ही माझी तक्रार आहे. माझी आत्या सांगलीत, तिचा मुलगा दुबईत. लाभार्थी जोडायचा तर तो स्क्रीन शेअरवर तिचा पडदा बघून सांगणार, आणि त्याला दिसतो अंधार. मग ती वाचते, तो अंदाजाने बटण सांगतो, आणि अर्ध्या तासाने दोघंही वैतागतात. पडद्यापलीकडे कोण आहे हे फोनला कळत नाही, हे मला मान्य आहे. पण शाखेचा पत्ता, मदतीचं पान, एररची सूचना यांनाही का झाकावं? पिन, शिल्लक आणि कार्ड झाका, बाकीचं उघडं ठेवा, एवढी निवड अ‍ॅप बनवणाऱ्याला पान उघडताना आणि बंद करताना दोन ओळींत करता येते. सरसकट झाकणं सोपं, म्हणून तसं होतं.

पैसे गेल्याचा पुरावा म्हणून तर चित्राची गरजच नाही. ते बनवताही येतं, आणि दुकानदार तशा खोट्या चित्रांना फसलेही आहेत. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा आकडी यूटीआर नंबर असतो. तो मजकूर म्हणून पाठवावा, घेणाऱ्याने आपल्या खात्याच्या उताऱ्यात शोधावा.

एरर आली तर मात्र चित्राला पर्याय नाही. माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये एफडी मोडताना लाल अक्षरांत काहीतरी आलं. मी ग्राहक सेवेला ई-मेल लिहिला. दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं : ‘कृपया एररचा स्क्रीनशॉट जोडावा.’ मी बायकोच्या फोनने माझ्या फोनचा फोटो काढला आणि पाठवला. त्यात एरर, एफडीची रक्कम, खाते क्रमांक आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, सगळं आलं होतं.