बरोबरी झाली की नाणं उडवायचं?

संभाव्यता शिकवताना आपण अजून फाशांवरच अडकलोय. मला वाटतं, फुटबॉलचा चार संघांचा एक गट मुलांसमोर ठेवावा. 2022 च्या विश्वचषकातला ई गट घ्या.

प्रत्येकी दोन सामने झाल्यावर स्पेनचे 4 गुण, जपान आणि कोस्टारिकाचे 3-3, जर्मनीचा 1. गोलफरक: स्पेन +7, जपान 0, जर्मनी -1, कोस्टारिका -6. उरले दोन सामने, जपान-स्पेन आणि कोस्टारिका-जर्मनी. पहिले दोन संघ पुढे जाणार.

आता मुलांना विचारा : स्पेन पुढे गेला तर 100 रुपये देणारी चिठ्ठी कितीला घ्याल? (हा सट्टा नाही बरं का! शक्यतेला रुपयांत मांडणं, एवढंच.)

समजा, दोन्ही सामने 400 वेळा खेळवले. स्पेन 200 वेळा जिंकेल, 100 वेळा बरोबरी, 100 वेळा हार, असं धरू. जिंकला किंवा बरोबरी केली तर तो पुढे जातोच. हरला त्या 100 वेळांत जर्मनी 80 वेळा जिंकते, 15 वेळा बरोबरी होते आणि 5 वेळा कोस्टारिका जिंकते. त्या 5 वेळा स्पेन बाहेर. उरलेल्या 95 वेळा स्पेनचे आणि दुसऱ्या एका संघाचे गुण सारखे, 4-4.

इथेच बहुतेक मुलं म्हणतात, "सर, निम्मे निम्मे." म्हणजे 95 पैकी साधारण 47 वेळा स्पेन बाहेर, आणि चिठ्ठीची किंमत सुमारे 87 रुपये.

पण नियम नाणं उडवा असं सांगत नाही. त्या स्पर्धेत गुण सारखे असतील तर आधी एकूण गोलफरक, मग एकूण गोल पाहायचे होते. स्पेनला मागे टाकायला जर्मनीच्या विजयाचं आणि स्पेनच्या हारेचं अंतर मिळून किमान 8 गोल हवेत. हे जवळजवळ अशक्यच. म्हणून खरी किंमत 98-99 रुपये.

म्हणून माझा आग्रह असा की, मुलांना नुसतं जीत-हार-बरोबरी काढायला लावू नका. प्रत्येक सामन्याचे गोल काढायला लावा आणि दर वेळी पूर्ण तक्ता मांडा. युरो स्पर्धेत आपसातला सामना आधी पाहतात, तेव्हा नियमही आधी वाचायला लावा. उत्तर तपासायची सोपी खूण : चारही संघांच्या शक्यतांची बेरीज बरोबर 2 यायला हवी, कारण जागा दोनच. नाही आली, तर कुठेतरी चुकलंय.

प्रत्यक्षात काय झालं? जपान 2-1 जिंकला, जर्मनी 4-2. स्पेन +6, जर्मनी +1. जर्मनी घरी गेली. मधली काही मिनिटं मात्र जपान आणि कोस्टारिका दोघेही पुढे होते आणि स्पेन बाहेर होता. ते 400 मधले 5, तेवढ्यापुरते खरे झाले होते.