नायकाचे नाव आणि सोबत्याचे नाव

चित्रकथा लिहिणारा मनुष्य नायकाच्या नावासाठी चार दिवस डोके खाजवतो आणि त्याच्या सोबत्याचे नाव मात्र जेवता जेवता ठरवून टाकतो. वास्तविक दोहोंपैकी अवघड काम दुसरेच होय. नायकाचे नाव चुकले, तर फार तर पुस्तक खपत नाही. सोबत्याचे नाव चुकले, तर त्याचे फळ वर्गातील एखाद्या मुलाला भोगावे लागते.

नायकाचे नाव कसे साधावे, याचा एक उत्तम दाखला मराठीत आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकाची ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रात सुरू झाली. पुढे मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला काढली. तिच्या मराठी आवृत्तीत हा फँटम ‘वेताळ’ झाला. मूळ शब्दाचा अर्थ भूत किंवा आभास. पण ‘भूत’ हे काही वीराचे नाव नव्हे. वेताळाची गोष्ट निराळी. तो भुतांचा राजा. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या वेशीवर त्याचा शेंदूर फासलेला दगड असतो आणि तो गावाची राखण करतो, अशी लोकांची समजूत असते. जंगलातील कवटीच्या गुहेत राहणारा आणि दुर्बळांचे रक्षण करणारा हा मुखवटेधारी पुरुष मराठी मुलांना परका वाटला नाही, याचे मोठे श्रेय या नावाला द्यावे लागेल.

कोणी म्हणेल, कथेतील वीर तर जिवंत माणूस आहे. मग त्याला पिशाचाचे नाव कशाला? परंतु खुबी नेमकी तेथेच आहे. कथेत बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. शत्रूंना वाटते, हा शेकडो वर्षांपूर्वीचा तोच अमर पुरुष! वाचकाला खरे ठाऊक असते, दुष्टांना नसते. नावाने दुष्टांचा गैरसमज वाढतो आणि वाचकाची मौजही वाढते.

शिवाय ‘वेताळ’ हे नाव मराठी व्याकरणात सहज मुरते. ‘वेताळाने ठोसा मारला’, ‘वेताळाला पाहताच चोर पळाले’, असे बोलताना जीभ कोठे अडखळत नाही. ‘फँटमने’, ‘फँटमला’ असे लिहिता येते खरे. पण शब्द एकीकडे आणि प्रत्यय दुसरीकडे, असा पाहुणेपणा त्यात राहतोच. ज्याला नायकाचे नाव पारखावयाचे असेल, त्याने आधी त्याला ने, ला, चा हे प्रत्यय लावून ते मोठ्याने म्हणून पाहावे.

भा. रा. भागवतांनी आपल्या कादंबऱ्यांच्या नायकाला तर इंग्रजी शब्द घेऊनच नाव दिले आणि तरीही ते अस्सल मराठी झाले. फुरसुंगीचा फास्टर फेणे! तिन्ही शब्दांच्या आरंभी एकच ‘फ’, आणि तो उच्चारताना तोंडातून निघणारा वारा जणू त्या मुलाबरोबर धावतो. घरचे नाव साधे, बनेश. एकाच मुलाला एक नाव हजेरीपटासाठी आणि एक पराक्रमासाठी, ही तजवीज मुलांच्या ओळखीची आहे.

आता समजा, हिंगोलीच्या मुलांसाठी एक चित्रकथा रचावयाची आहे. हिंगोली आणि वसमत येथे हळदीचा मोठा बाजार भरतो. तेव्हा कथाही तेथीलच असू द्यावी. चांगल्या हळदीची पोती रात्रीतून नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी ओलसर, हलक्या मालाची पोती येतात. हा कट उघडकीस आणणारी बारा वर्षांची मुलगी ही कथेची नायिका.

तिचे नाव ‘कयाधू’ ठेवावे, असा मोह पहिल्याने होतो. हिंगोलीजवळून वाहणारी ती नदी, आणि पुराणात हे प्रल्हादाच्या आईचे नाव. शब्द गोड आहे, पण चालणार नाही. ‘कयाधू धावत बाजारात शिरली’ असे वाचताच हिंगोलीचे मूल म्हणेल, अरेरे, पूर आला! मग ‘विद्युल्लताकुमारी’ घ्यावे काय? चित्रकथेत पात्रांचे बोलणे लहानशा फुग्यात बसवावे लागते. देवनागरीला वरच्या वेलांट्यांसाठी आणि खालच्या उकारांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून त्या फुग्यात ओळी आधीच थोड्या मावतात. एवढे लांब नाव आले, की ‘पळ’ लिहावयास जागा उरत नाही. ‘सखू’ हे नाव लहान आहे, आणि शेवटचा ऊ लांबवून ते शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत पोचवता येते. ते तूर्त राहू द्यावे. आडनाव मात्र देऊ नये. लहान गावात आडनाव ऐकताच कोणाची, कुठली, हे प्रश्न सुरू होतात आणि निम्मे वाचक तिला आपली व निम्मे परकी समजू लागतात.

आता सोबती. तो जाडसर आहे, धावताना मागे पडतो. लेखकाच्या लेखणीवर लगेच ‘भोपळ्या’ हे नाव येते. वाचक हसतात, हे खरे. परंतु लहान गावात शाळा एक, गल्ली एक, नदीचा घाटही एक. पुस्तक वर्गात फिरले, की चार दिवसांच्या आत एका मुलाचे नाव भोपळ्या पडते. मोठ्या शहरात शाळा बदलून असे नाव मागे टाकता येते. येथे ते मॅट्रिकपर्यंत आणि पुढे दुकानाच्या पाटीपर्यंत पाठ सोडत नाही. ‘काळ्या’, ‘बुटक्या’, ‘तोतऱ्या’ ही सारी याच जातीची नावे. लेखकाचा विनोद एका पानाचा. तो सोसावयाचा मात्र जन्मभर.

मग सोबत्याने गमतीचे असूच नये काय? अवश्य असावे. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ चित्रकथेतले नव्हेत, पण त्या जोडीकडे पाहावे. दोघांचीही फजिती होते. तथापि एकाला ‘राव’ लाभला आहे, तर दुसऱ्याला ‘भाऊ’. हसताना वाचक दोघांना एकाच पाटावर बसवतो.

आपल्या जाडसर मुलाला काय येते, ते आधी शोधले पाहिजे. हळद उकडून उन्हात नीट वाळवली, की तिचे हळकुंड मोडताना धातूसारखा खणकन आवाज होतो. ओल राहिली असेल, तर तो होत नाही. बाजारात वाढलेल्या या मुलाला तो आवाज पाठ आहे. खोटे पोते तो कानाने ओळखतो. म्हणून त्याचे नाव ‘कानू’. या नावाने कोणी कोणाला चिडवलेच, तर त्यात त्याचा गौरवच होईल.

पण येथे एक नवी अडचण उभी राहते. सखू आणि कानू, दोन्ही नावे ऊकारान्त. गोदामाच्या अंधारात एकाने हाक मारली, तर कोणाला मारली, ते कळत नाही. कानू हे नाव त्याच्या गुणातून आले असल्यामुळे ते सोडवत नाही. म्हणून नायिकेनेच आपले नाव बदलावे. ती ‘सगुणा’ झाली. सगुणेला, सगुणेचा, आणि हाक मारताना ‘सगुणेऽऽ’. तीन अक्षरे फुग्यात सहज बसतात. मुले पुढे तिची सगुणी करतील. त्याला लेखकाचा इलाज नाही.

आता पहिले चित्र काढावयास हरकत नाही. रात्रीचे गोदाम. कानूने एक हळकुंड कानाजवळ धरून मोडले आहे, आणि कंदील घेतलेली सगुणा श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे पाहत आहे.