दोन औषधांच्या मधले दहा छोटे झटके

गोखिवऱ्याहून परळच्या टाटा मेमोरियलला जाणारी कुटुंबं आता कमी नाहीत. वसई रोडला लोकल पकडायची, दादर किंवा प्रभादेवीला उतरायचं, आणि संध्याकाळी पेशंटला घेऊन परत. अशाच एका घरातल्या खाला मला विचारत होत्या, "सरांनू, सुनेच्या दंडाला ती पिक लाइन लावलीय ना, त्यात सिस्टर औषध देते, मग पाणी सोडते आणि मग दुसरं औषध. पाणी पण एकदम नाही, थांबून थांबून. असं का?" प्रश्न चांगला होता, म्हणून या वेळी त्यावरच लिहितो.

पिक लाइन म्हणजे दंडाच्या शिरेतून आत सरकवलेली लांब, मऊ नळी. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. गळ्याजवळ किंवा छातीतून घातलेली सेंट्रल लाइन हीदेखील त्याच कामाची. खाला ज्याला पाणी म्हणतात ते नॉर्मल सलाइन, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये 0.9 ग्रॅम मीठ असलेलं जंतुरहित द्रावण. घरात मीठ-पाणी उकळून ते होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता समजा सुनेला आधी सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक दिलं आणि त्यानंतर कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायचं आहे. ही दोन्ही एकमेकांना भेटली की पांढरा साका धरतो. नवजात बाळांमध्ये यामुळे जीव गेलेले आहेत, म्हणून त्यांना ही जोडी देतच नाहीत. मोठ्या माणसाला एकामागून एक देता येतात, पण मधे नळी नीट धुतली तरच. औषध संपलं असं बाटलीकडे पाहून वाटतं, तरी थोडं औषध नळीत राहिलेलं असतं.

मग सरळ एका दमात सलाइन का ढकलत नाहीत? शेतातला पाट आठवा. मधलं पाणी वेगाने पळतं आणि काठाशी ते रेंगाळतं. नळीतही तसंच होतं. एका लयीत ढकललेलं सलाइन मधून निघून जातं आणि भिंतीला चिकटलेलं औषध किंवा रक्त तिथेच राहतं. एक मिलि ढकलून क्षणभर थांबलं, पुन्हा एक मिलि ढकललं, की दर वेळी आत छोटा भोवरा उठतो आणि भिंत घासली जाते. दहा मिलिच्या सिरिंजचे असे साधारण दहा झटके होतात. प्रयोगशाळेतल्या नळ्यांवर याने जास्त स्वच्छता झालेली दिसली आहे. पेशंटवरचा पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही.

सिस्टर काय करते ते क्रमाने पाहा. हात धुते, नळीच्या तोंडाची टोपी स्पिरिटच्या कापसाने पंधरा सेकंद चोळते आणि वाळू देते. सिरिंजमधली हवा काढते. दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतं का ते बघते, म्हणजे नळी शिरेतच आहे हे कळतं. पहिला मिलि ती सावकाश सोडते, कारण नळीत उरलेलं औषधच त्याच्यापुढे शरीरात जातं. त्यानंतर झटके. शेवटचा अर्धा मिलि ती सिरिंजमध्येच ठेवते. दट्ट्या तळाला टेकला की रबर मागे उसळतं, नळीच्या टोकात रक्त ओढलं जातं आणि तिथे गुठळी बनते. क्लॅम्प कधी लावायचा हे टोपीच्या प्रकारावर असतं, तेव्हा तुमच्या सिस्टरलाच विचारा. दुसरं औषध संपलं की पुन्हा हेच.

सिरिंज दहा मिलिची का, दोनची का नाही? लहान सिरिंजमधून तेवढ्याच जोराने दाब कितीतरी जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. याच कारणाने सलाइन जात नसेल तर जोर लावायचा नाही. क्लॅम्प बंद आहे का, नळी दुमडली आहे का, एवढं बघायचं. तरीही अडलं तर आत गुठळी किंवा साका असू शकतो. तिथे थांबून रुग्णालयाला फोन करावा. ढकलताना दंड, खांदा किंवा मान दुखली, सूज आली, तरी तेच. आणि सलाइन दिल्यावर तासाभरात थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नये. नळीतले जंतू रक्तात गेलेले असू शकतात.

एक अपवाद मात्र घरच्यांनीही ध्यानात ठेवावा. 2021 मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्रात पसरला, तेव्हा अँफोटेरिसिन बी हे नाव घरोघरी पोहोचलं. हे औषध सलाइनशीच जमवून घेत नाही, त्यात साका धरतो. त्याच्या आधी आणि नंतर नळी पाच टक्के डेक्स्ट्रोजने, म्हणजे साखरेच्या द्रावणाने धुतात. पण साखर नळीत राहिली तर जंतूंना खाणं मिळतं, म्हणून डेक्स्ट्रोजने औषध पूर्ण निघाल्यावर शेवटी सलाइन सोडतात. हे औषध चालू असताना सिस्टरने वेगळी बाटली उचलली, तर खाला, घाबरू नका.